८५ सेकंदांचं बोलणं ५२ सेकंदांत: माणसाचा आवाज न घालवता स्क्रिप्ट कशी कापायची

व्हिडिओची लांबी ठरलेली असते आणि बोलणारा माणूस त्याहून बराच जास्त बोललेला असतो. नव्याने हे काम करणारा अशा वेळी पहिल्यांदा ‘बरं का’, ‘ना’, ‘बघा’, ‘मी काय सांगतो’ हे शब्द शोधून शोधून काढतो. त्यांना अर्थ नाही, म्हणजे ते गेले तरी काही बिघडत नाही, असा हिशोब. त्याने स्क्रिप्ट दोन-चार सेकंदांनी लहान होते आणि कोळीवाड्यातले काका अचानक सातच्या बातम्या द्यायला लागतात. लांबी तर तरीही बसत नाही. मग एडिटिंगमध्ये वेग वाढवला जातो, आणि काका आता घाईघाईने बातम्या देतात.

कापायचा क्रम याच्या नेमका उलटा हवा. आधी अख्खे मुद्दे काढायचे, मग तीच गोष्ट दोनदा सांगितली असेल तर एकदाची, मग वाक्यातले तुकडे. बारीक शब्दांना हात शेवटी लावायचा, आणि बहुतेक वेळा तिथवर जायची गरजच पडत नाही. हे एका उदाहरणावर पूर्ण करून बघू.

समजा, नेरुळच्या डीपीएस तळ्यावर येणाऱ्या फ्लेमिंगोंवर एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. युट्यूब शॉर्ट्सची मर्यादा ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांची झाली, तरी एक मिनिटाची मागणी काही थांबलेली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा असतो, शाळेच्या प्रदर्शनात पडद्यावर फिरवायचा असतो, आणि सांगणारा सांगतो, ‘मिनिटाच्या वर नको.’ बोलणार आहेत करावे गावातले एक कोळी काका. पक्षी बघायला केव्हा यायचं, एवढंच त्यांनी सांगायचं आहे.

आधी सेकंदांचा हिशोब

एक मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे एक मिनिटाचं बोलणं नव्हे. सुरुवातीला पक्ष्यांचा थवा उतरताना दाखवायचा, त्याचा फक्त नैसर्गिक आवाज ठेवायचा, त्याचे ३ सेकंद. शेवटी माहितीची पाटी, तिचे ५ सेकंद. उरले ५२. स्क्रिप्ट बसवायची ती या ५२ मध्ये. हा हिशोब आधी कागदावर मांडला नाही तर सगळी कापाकापी ६० च्या हिशोबाने होते आणि एडिटिंगला बसल्यावर ८ सेकंदांची ओढाताण सुरू होते.

दुसरी गोष्ट शब्दसंख्येची. मिनिटाला दीडशे शब्द असा एक आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो इंग्रजी बोलण्यावरून आलेला आहे, मराठीला लावू नका. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. काकांच्या एका वाक्यात ‘या महिन्यांमध्येच’ असं येतं. त्यातला ‘या’ हा एक शब्द आणि ‘महिन्यांमध्येच’ हाही एकच शब्द, पण बोलायला लागणारा वेळ कितीतरी वेगळा. गुगल डॉक्समध्ये Ctrl+Shift+C दाबलं की शब्द मोजून मिळतात. तो आकडा अंदाजापुरता ठीक. तिथेच दिसणारी अक्षरसंख्या मात्र सोडून द्या, कारण ती काना-मात्रासुद्धा वेगळी मोजते.

म्हणून त्या माणसाचाच वेग काढायचा. त्याला एकदा मोकळं बोलू द्यायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, जसंच्या तसं उतरवायचं, शब्द मोजायचे आणि सेकंदांनी भागायचं. आपले काका ८५ सेकंदांत १७९ शब्द बोलले, म्हणजे सेकंदाला साधारण २.१ शब्द. या वेगाने ५२ सेकंदांत १०९ शब्द बसतील. कापायचे आहेत ७०. दुसऱ्या माणसाचा वेग वेगळा निघेल. शाळेतल्या बाईंचा आणि रिक्षावाल्या दादांचा एक धरू नका.

जसंच्या तसं उतरवलेलं बोलणं

उतरवताना सुधारायचं नाही. ‘नाय’ म्हटलं तर ‘नाय’च लिहायचं. वाक्य मोडलं तर मोडलेलंच ठेवायचं. ही प्रत म्हणजे तुमच्याकडे असलेला त्या माणसाच्या आवाजाचा एकमेव नमुना आहे. पुढे काहीही अडलं तर इथेच परत यायचं.

> नमस्कार, मी करावे गावातला कोळी. आमच्या तीन पिढ्या या खाडीत मासेमारी करत आल्या. आता बघा, हे जे गुलाबी पक्षी तुम्ही बघता ना, फ्लेमिंगो, यांना मराठीत रोहित म्हणतात, लोकांना वाटतं कधीही यावं आणि दिसतील. तसं नाय. तसं अजिबात नसतं. याचं सगळं गणित भरतीवर असतं, बरं का. ओहोटी लागली की खाडीत चिखल उघडा पडतो. त्या चिखलात यांचं खाणं असतं, शेवाळ असतं, बारीक किडे असतात, ते खायला हे सगळे खाडीत जातात. मग तुम्ही तळ्यावर आलात तर काय दिसणार? काय नाय दिसणार. नुसतं पाणी बघून घरी जाल. आणि मग भरती येते. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, यांना उभं राहायला जागा उरत नाय, तेव्हा हे उडतात आणि या तळ्यावर येऊन बसतात. म्हणून मी काय सांगतो, मोबाईलवर भरतीची वेळ बघा. आम्ही तिथीवरून सांगतो, पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमाराला असते, मग रोज पाऊण तास पुढे जाते, पण तुम्हाला ते नको, तुम्ही मोबाईलवर बघा. भरतीच्या आधी एक तास या, म्हणजे उडत येताना दिसतील. आणि नोव्हेंबर ते मे या महिन्यांमध्येच या, पावसात हे नसतात. अजून एक, जवळ जाऊ नका, दगड मारू नका, ड्रोन उडवू नका. पक्षी उडाला की त्याचं खाणं राहतं, आराम राहतो. लांबून बघा. छान दिसतात.

कात्री हातात घेण्याआधी या मजकुरातून एक वाक्य शोधायचं: बघणाऱ्याला फक्त एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ती कुठली? इथे ते सरळ आहे. भरतीच्या आधी तासभर या. त्या वाक्याखाली रेघ मारून ठेवा. पुढचा प्रत्येक निर्णय या रेघेकडे बघून घ्यायचा. जो मजकूर त्या वाक्यापर्यंत नेतो तो राहतो. नुसताच चांगला आहे म्हणून आलेला जातो.

पहिली कात्री: अख्खे मुद्दे

तिथीचा भाग बघा. ‘आम्ही तिथीवरून सांगतो’ पासून ‘तुम्ही मोबाईलवर बघा’ पर्यंत. सगळ्या बोलण्यात हाच भाग मला सगळ्यात आवडतो. पंचांगातली तिथी बघून भरतीची वेळ सांगणारा माणूस आता समोर बसवून मिळत नाही. पण काका स्वतःच शेवटी काय म्हणतात? ‘पण तुम्हाला ते नको.’ बघणारा फोनवरच वेळ बघणार आहे, आणि ते तर आधीच्या वाक्यात सांगून झालंय. हे २२ शब्द, म्हणजे दहा सेकंदांच्या वर. तुलनेसाठी सांगतो, ‘बरं का’ला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. असे वीस ‘बरं का’ काढले असते तेव्हा कुठे एवढी जागा झाली असती, आणि वीस नाहीतच मुळी.

चांगला भाग कापताना जीव वरखाली होतो, म्हणून अनेक जण तो अर्धा ठेवतात: ‘आम्ही तिथीवरून सांगतो, पण तुम्ही मोबाईलवर बघा.’ हा सगळ्यात वाईट तोडगा. बघणाऱ्याला कुतूहल वाटतं, उत्तर मिळत नाही, आणि तो त्याच विचारात असताना पुढचं मुख्य वाक्य निसटतं. मुद्दा ठेवायचा तर सगळा ठेवा, नाहीतर सगळा काढा. काढलेला वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. तिथीवरून भरती कशी काढतात यावर काकांचा वेगळा व्हिडिओ आरामात होईल.

दुसरा मुद्दा महिन्यांचा, १० शब्द. तो महत्त्वाचा आहे. तो नसेल तर कुणीतरी जुलैत छत्री घेऊन तळ्यावर उभं राहील. पण तो कानांनी ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचण्याचा मजकूर आहे. ‘नोव्हेंबर ते मे’ शेवटच्या पाटीवर गेलं. तसंच ‘फ्लेमिंगो, यांना मराठीत रोहित म्हणतात’ हे पाच शब्द. पक्षी पहिल्यांदा दिसतात तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘रोहित (फ्लेमिंगो)’ असं नाव आलं की झालं.

इथे एक सवय लावून घ्या. आकडा, तारीख, पत्ता, फोन नंबर, किंमत हे स्क्रिप्टमध्ये दिसलं की आधी विचारा, हे पाटीवर जाईल का? ‘₹४५०’ हे कागदावर एवढंसं दिसतं, पण बोलायला ‘चारशे पन्नास रुपये’ लागतं. दहा आकडी फोन नंबर नीट, समजेल असा सांगायला पाच-सहा सेकंद जातात, आणि ऐकून तो कुणी लिहून घेत नाही. शब्दसंख्येत मात्र हा अख्खा नंबर एकच शब्द धरला जातो, म्हणून तिथे फसगत होते.

या पहिल्या फेरीत ३७ शब्द गेले. १७९ चे १४२ झाले. काकांच्या बोलण्याला अजून ओरखडासुद्धा नाही.

दुसरी कात्री: दोनदा सांगितलेलं

बोलणारा माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतो, ते बरोबरच आहे, समोरच्याच्या चेहऱ्यावर कळल्याची खूण दिसेपर्यंत तो सांगत राहतो. कॅमेऱ्यासमोर ती खूण नसते, म्हणून तिसऱ्यांदाही सांगतो. प्रश्न एवढाच, की दोनपैकी कुठलं ठेवायचं. सहसा जे लहान आणि जास्त बोलीतलं आहे ते ठेवावं.

‘तसं नाय. तसं अजिबात नसतं.’ यातलं दुसरं पूर्ण वाक्य आहे, व्याकरणशुद्ध आहे, म्हणून नवा माणूस ते ठेवतो आणि ‘तसं नाय’ काढतो. उलटं करा. ‘तसं नाय’ म्हणताना काका मान हलवतात, तिथे एक क्षण थांबतात. त्या दोन शब्दांत सगळं आलं.

‘काय दिसणार? काय नाय दिसणार. नुसतं पाणी बघून घरी जाल.’ प्रश्न ठेवायचा, कारण तो थेट बघणाऱ्याला विचारलाय. उत्तरं दोन आहेत, त्यातलं ‘नुसतं पाणी’ हे डोळ्यांसमोर चित्र उभं करतं. ‘मग तुम्ही तळ्यावर आलात तर काय दिसणार? नुसतं पाणी.’ पुढचं ‘बघून घरी जाल’ गेलं तरी चालतं. मराठी बोलण्यात असं क्रियापद गाळलेलं वाक्य अगदी सहज चालतं, लिहिताना मात्र आपण ते उगाच पूर्ण करायला जातो.

‘आणि मग भरती येते. भरती आली की...’ इथलं पहिलं वाक्य गेलं. या फेरीत १३ शब्द. उरले १२९.

तिसरी कात्री: वाक्याच्या आत

आता हात जपून चालवायचा. ‘आमच्या तीन पिढ्या या खाडीत मासेमारी करत आल्या’ यात ‘कोळी’ आधी येऊन गेलंय, तेव्हा मासेमारी वेगळी सांगायला नको. ‘आमच्या तीन पिढ्या या खाडीत.’ तीन शब्द वाचले आणि वाक्य जास्त काकांचं झालं. ‘नमस्कार’ गेला. पहिल्या तीन सेकंदांत थवा दाखवून झालाय, तेव्हा सभेची सुरुवात नको. ‘हे जे गुलाबी पक्षी तुम्ही बघता ना’ यातून ‘जे’ आणि ‘तुम्ही’ गेले, ‘ना’ राहिला. ‘उडतात आणि या तळ्यावर’ मधला ‘आणि’ गेला. ‘खाणं राहतं, आराम राहतो’ मधलं दुसरं गेलं. ‘दगड मारू नका, ड्रोन उडवू नका’ हे सहा शब्दही काढले. त्यातलं ड्रोनचं पाटीवर टाकलं, कारण हल्ली त्रास त्याचाच जास्त.

‘शेवाळ असतं, बारीक किडे असतात’ यावर थोडा विचार केला पाहिजे. माहिती खरी आहे. ठाणे खाडीत रोहितांच्या दोन जाती येतात. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठा रोहित बारीक जलचरही खातो. पण आपल्या रेघ मारलेल्या वाक्याला ‘चिखलात खाणं आहे’ एवढंच पुरतं. काढलं. आणि काढल्यावर लगेच पुढचा शब्द तपासायचा: ‘ते खायला हे सगळे खाडीत जातात.’ हा ‘ते’ आधी शेवाळ आणि किड्यांसाठी होता. आता तो ‘खाणं’ या शब्दाला जोडला गेला. खाणं नपुंसकलिंगी, ‘ते’ बसलं. हे नशीब प्रत्येक वेळी साथ देत नाही. मराठीत नाम काढलं की मागे राहिलेलं सर्वनाम, विशेषण, क्रियापद यांचं लिंग-वचन लटकतं, आणि वाचताना ते दिसत नाही, ऐकताना खटकतं. तुकडा काढला की पुढच्या वाक्यातले ‘तो, ती, ते, त्याचं’ एकदा बोटाने तपासा.

याहून मोठा धोका वाक्याच्या दोन टोकांना असतो. मराठीत नकार शेवटी येतो. ‘जागा उरत नाय’ मधलं शेपूट कापलं की जागा उरते. आणि सुरुवातीला ‘लोकांना वाटतं’ आहे, ते बिनकामाचं दिसतं. ते काढून बघा: ‘हे गुलाबी पक्षी बघता ना, कधीही यावं आणि दिसतील.’ काका जे खोडून काढायला बसलेत तेच त्यांच्या तोंडी गेलं. पुढे ‘तसं नाय’ येतं खरं, पण कुणी तेवढ्यात व्हिडिओ सरकवला तर तो चुकीचंच घेऊन गेला. ‘वाटतं’, ‘म्हणतात’, ‘पूर्वी’, ‘कधी कधी’ हे शब्द अर्थाचा भार उचलतात. जागा कितीही कमी असली तरी त्यांना हात लावायचा नाही.

या फेरीत २० शब्द. उरले बरोबर १०९.

> मी करावे गावातला कोळी. आमच्या तीन पिढ्या या खाडीत. आता बघा, हे गुलाबी पक्षी बघता ना, लोकांना वाटतं कधीही यावं आणि दिसतील. तसं नाय. याचं सगळं गणित भरतीवर असतं, बरं का. ओहोटी लागली की खाडीत चिखल उघडा पडतो. त्या चिखलात यांचं खाणं असतं, ते खायला हे सगळे खाडीत जातात. मग तुम्ही तळ्यावर आलात तर काय दिसणार? नुसतं पाणी. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, यांना उभं राहायला जागा उरत नाय, तेव्हा हे उडतात, या तळ्यावर येऊन बसतात. म्हणून मी काय सांगतो, मोबाईलवर भरतीची वेळ बघा. भरतीच्या आधी एक तास या, म्हणजे उडत येताना दिसतील. अजून एक, जवळ जाऊ नका. पक्षी उडाला की त्याचं खाणं राहतं. लांबून बघा. छान दिसतात.

सत्तर शब्द गेले, पण आपला एकही शब्द आत आला नाही. हा नियम मी कडक पाळतो. जोड द्यायला शब्द लागलाच तर तो त्या माणसाच्या मूळ प्रतीतून उचलायचा. आपण ‘त्यामुळे’ किंवा ‘परिणामी’ असा एक शब्द टाकतो आणि त्या जागी आवाज बदलल्याचं घरच्यांना ताबडतोब कळतं.

‘बरं का’, ‘ना’, ‘आता बघा’, ‘म्हणून मी काय सांगतो’ सगळे जागेवर आहेत. ‘म्हणून मी काय सांगतो’ हे चार शब्द दोन सेकंद खातात, तरी ठेवले, कारण त्यांच्यानंतर लगेच मुख्य सूचना येते. ऐकणारा त्या चार शब्दांत कान टवकारतो. बारीक शब्द काढायचेच झाले तर हे बघायचं: तो शब्द बोलणाऱ्याला पुढचं आठवेपर्यंत आलाय की ऐकणाऱ्याला तयार करायला आलाय? पहिल्या प्रकारचा काढावा. ‘म्हणजे... ते हे... काय ते’ अशी अडखळ खुशाल काढा, काकाही आभारच मानतील.

मग घड्याळ लावून बोलून बघा

शब्द १०९ बसले म्हणून ५२ सेकंद बसतीलच असं नाही. काकांनी बोलून बघितलं तर ५४ झाले. कारण साधं आहे. मूळ बोलण्यात लांबच लांब वाक्यं होती, एका दमात जाणारी. कापल्यावर वाक्यं आखूड झाली, पूर्णविराम दाट झाले, आणि प्रत्येक पूर्णविरामाला माणूस श्वास घेतो. त्यामुळे तोंडावर बसवताना तीन-चार टक्क्यांची तूट धरूनच चालायचं.

आता हे दोन सेकंद कुठून आणायचे? शब्दांतून आणायची गरज नाही. ‘लांबून बघा. छान दिसतात.’ या चार शब्दांवर पाटी येऊ द्या. चित्र पाटीचं, आवाज काकांचा. साधारण दोन सेकंद मिळाले. हे इथे चालतं, कारण त्या चार शब्दांत नवी माहिती नाही. तेच ‘भरतीच्या आधी एक तास या’ हे वाक्य पाटीवर सरकवलं असतं तर डोळे एक वाचतायत आणि कान दुसरं ऐकतायत, दोन्ही वाया. पाटीवर तीनच ओळी ठेवा: ‘डीपीएस तळं, नेरुळ’, ‘नोव्हेंबर ते मे’, ‘ड्रोन उडवू नका’. पाटी रमतगमत दोनदा वाचून व्हावी एवढा वेळ ती दिसली पाहिजे. होत नसेल तर ओळ कमी करा.

बोलून बघताना कागद काकांच्या हातात देऊ नका. वाचायला लागलेला माणूस ‘नाय’च्या जागी ‘नाही’ म्हणतो, आवाज वर चढवतो आणि प्रत्येक शब्द सुटा करतो, म्हणजे वेळही वाढतो. त्यांना मुद्द्यांचा क्रम सांगा: तुम्ही कोण, लोकांचा गैरसमज, ओहोटीला काय, भरतीला काय, मग काय करायचं. एका वेळी एकच टप्पा बोलून घ्या. शब्द अगदी तेच आले पाहिजेत असा हट्ट नको. ‘तेव्हा’च्या जागी ‘मग’ आला तर तो त्यांचाच आहे.

शूटिंग आधीच झालं असेल तर

मग कागदावर जे कापलं ते सगळं आवाजात कापता येत नाही. आपल्याच उदाहरणात बघा. ‘जवळ जाऊ नका, दगड मारू नका, ड्रोन उडवू नका’ ही यादी आहे. यादीतल्या शेवटच्या कलमावर आवाज खाली उतरतो, आधीच्या कलमांवर तो वर टांगलेला राहतो. पहिलंच कलम ठेवून बाकीची उडवली की ‘जवळ जाऊ नका’ अधांतरी लटकतं, जणू काका आणखी काही बोलणार होते आणि कुणीतरी त्यांचं तोंड धरलं. अशा वेळी एकतर सगळी यादी ठेवायची, नाहीतर पहिली दोन कलमं काढून शेवटचं ठेवायचं, किंवा तेवढंच वाक्य पुन्हा बोलून घ्यायचं. पुन्हा घेताना जागा आणि वेळ तीच हवी. पाम बीच रोडच्या गाड्यांची सकाळची घरघर आणि दुपारची घरघर जोडली की सांधा कानाला लागतो.

आवाजात कापताना सांधा श्वासाच्या आधी घ्या आणि पुढचा श्वास राहू द्या. सगळे श्वास काढून टाकले तर सेकंद बरेच मिळतात, पण ऐकणाऱ्याचाच दम लागतो. वेग वाढवायचाच असेल तर ५ टक्क्यांपर्यंत तो बहुतेकांना कळत नाही. १० टक्क्यांवर ओळखीच्या माणसाला कळतो, आणि ज्येष्ठ माणसाच्या संथ बोलण्यावर तर त्याहून लवकर.

शेवटी बोलणाऱ्याला दाखवा

कापलेला मजकूर काकांना ऐकवा आणि एकच विचारा, ‘काका, तुम्ही असं म्हणाल का?’ ‘चांगलं झालंय का’ हे विचारू नका, ते भिडेखातर हो म्हणतील. त्यांच्या घरातल्या कुणालातरी चित्र न दाखवता नुसता आवाज ऐकवता आला तर आणखी बरं. जिथे ते हसतील किंवा भुवया उंचावतील ती जागा मूळ प्रतीशी ताडून बघा. बहुतेक वेळा तिथे तुमचा एखादा शब्द शिरलेला सापडतो.

याच टप्प्यावर व्हिडिओ मागवणाऱ्यांकडून एक फोन येतो. ‘ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते काकांना बोलायला सांगा ना.’ माहिती बरोबर आहे, पण काका ‘रामसर’ म्हणणार नाहीत, आणि म्हणायला लावलं तर त्या सहा सेकंदांत आधीचे पन्नास सेकंद खोटे वाटतील. ते वाक्य व्हिडिओखालच्या वर्णनात टाका. तिथे सेकंदांची मर्यादा नाही, आणि तिथे ते तुमच्या नावाने जातं, काकांच्या नाही.

फाइल तीन नावांनी ठेवा: मूळ, कापलेली, उरलेली. उरलेल्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्यापुढे मूळ रेकॉर्डिंगमधला सेकंद लिहा. तिथीचा भाग शोधायला नंतर पुन्हा सगळं ऐकत बसावं लागणार नाही.